झोपाळ्याच्या कड्या आणि देवाचा युक्तिवाद: साखळी अनंत असली तर काय बिघडतं?

आजोळी ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा होता. दर मे महिन्यात मामा स्टुलावर चढून तुळईतल्या आकड्याला तेल घालायचा, कारण झोपाळा करकरायला लागला की आजीला दुपारी झोप लागायची नाही, आणि तेल घालता घालता तो मला खालून एकेक कडी दाखवायला लावायचा. ही कुणी धरलीय? वरच्या कडीने. ती कुणी धरलीय? तिच्या वरच्या कडीने. असं करत करत शेवटी आकडा यायचा. एकदा मी विचारलं, मामा, कड्या संपल्याच नाहीत तर? तो म्हणाला, "अरे मग झोपाळा टांगणार कशाला?" तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं, पण पुढे कॉलेजात फिलॉसॉफी घेतली आणि थॉमस अक्वायनस वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की माझा तो प्रश्न आणि मामाचं ते उत्तर, हाच मध्ययुगातल्या एका फार मोठ्या वादाचा गाभा आहे.

तो वाद आज बहुतेक लोकांना असा माहीत असतो: प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणाला आणखी कारण, असं मागे मागे जात राहिलं तर कुठेतरी थांबावंच लागेल, जिथे थांबलो तो देव. मग लगेच कुणीतरी विचारतं की देवाला कुणी बनवलं, आणि दुसरा कुणीतरी विचारतो की थांबायलाच कशाला हवं, मागे अनंत जाऊ दे की. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, फक्त ज्या युक्तिवादाला ते विचारले जातात तो युक्तिवाद अक्वायनसने मांडलेलाच नाही. "प्रत्येक गोष्टीला कारण असतं" असं तो म्हणत नाही, आणि "काळात मागे गेलं की कुठेतरी सुरुवात सापडेल" असं तर तो अजिबातच म्हणत नाही.

अक्वायनस साधारण 1225 ते 1274 या काळातला, डोमिनिकन साधू, पॅरिसला शिकवायचा. त्याच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या अवाढव्य ग्रंथात देव आहे हे दाखवणारे पाच मार्ग दिलेत आणि ते पाचही मिळून दोनेक पानांत संपतात. पहिला मार्ग गतीचा. गती म्हणजे त्याच्या भाषेत फक्त जागा बदलणं नाही, कुठलाही बदल, गार लाकूड गरम होणं हीसुद्धा गती. लाकडात गरम व्हायची क्षमता आहे पण ते प्रत्यक्षात गरम नाही, आग प्रत्यक्षात गरम आहे म्हणून ती लाकडाला गरम करू शकते. जे प्रत्यक्षात नाही ते स्वतःच स्वतःला प्रत्यक्षात आणू शकत नाही, म्हणून जे बदलतंय त्याला दुसरं काहीतरी बदलवतंय. हा सगळा विचार ॲरिस्टॉटलचा. आता ते दुसरं जर स्वतःही बदलत असेल तर त्याला तिसरं हवं, आणि हे अनंतापर्यंत जाऊ शकत नाही, कारण तसं झालं तर पहिला हलवणारा उरणार नाही, आणि पहिला नाही तर मधलेही काही हलवणार नाहीत, जशी काठी काहीही हलवत नाही जोवर हात तिला हलवत नाही.

हातातली काठी हे त्याचं स्वतःचं उदाहरण आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. कारण याच माणसाने त्याच ग्रंथात थोडं पुढे, जगाला सुरुवात आहे का या प्रश्नावर लिहिताना, स्पष्ट सांगितलंय की जगाला सुरुवात आहे हे मी श्रद्धेने मानतो पण ते लॉजिकने सिद्ध करता येत नाही. म्हणजे भूतकाळ अनंत असू शकतो हे तो मान्य करतो! पॅरिसमध्ये तेव्हा हे बोलणं सोपं नव्हतं. बोनाव्हेंचर नावाचा फ्रान्सिस्कन पंडित उलट म्हणत होता की अनंत भूतकाळ ही कल्पनाच स्वतःशी विसंगत आहे, आणि 1270 च्या डिसेंबरात पॅरिसच्या बिशपने जी 13 विधानं निषिद्ध ठरवली त्यात "जग अनादि आहे" हेही एक होतं. अक्वायनसने त्याच सुमाराला एक वेगळी पुस्तिका लिहून सांगितलं की बाबांनो, अनादि जग खोटं असेल, पण त्यात विसंगती काय आहे ते तुम्ही दाखवलेलं नाही.

मग एका ठिकाणी "अनंत जाऊ शकत नाही" आणि दुसऱ्या ठिकाणी "अनंत असलं तर चालेल", हे कसं काय? तर साखळ्या दोन प्रकारच्या असतात.

एक साखळी आजोबा-पणजोबांची. माझ्या वडिलांना आजोबांनी जन्म दिला, आजोबांना पणजोबांनी. पण वडिलांनी मला जन्म दिला तेव्हा पणजोबा हयात नव्हते आणि त्याने काही अडलं नाही, कारण मूल होण्याची ताकद वडिलांकडे त्यांची स्वतःची होती, ती पणजोबांकडून त्या क्षणाला वाहत येत नव्हती. अक्वायनसचं उदाहरण लोहाराचं आहे: लोहार एका हातोडीने काम करतो, ती तुटते, दुसरी घेतो, ती तुटते, तिसरी घेतो. आज हातात असलेली हातोडी चालायला कालची तुटलेली हातोडी लागत नाही. अशा हातोड्या मागे अनंत असल्या तरी काही बिघडत नाही, आणि माणसापासून माणूस असं अनंत मागे जाण्यातही अशक्य काही नाही, हे त्याने याच जागी लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या दर्शनांमध्ये हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत येतो, कारणांची न संपणारी साखळी म्हणजे अनवस्था आणि तो दोष मानला जातो, पण बीज आणि अंकुर यांची अनादि साखळी चालते म्हणतात, तोच बीजांकुरन्याय. युरोपातल्या पंडितांना आपल्याकडचं हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण जागा तीच सापडली.

दुसरी साखळी झोपाळ्याची. इथे खालची कडी आत्ता, या क्षणाला, वरच्या कडीच्या जोरावर वजन पेलतेय. वरची सोडली की खालची गेलीच. मधल्या कडीकडे "धरून ठेवण्याची" स्वतःची ताकद शून्य आहे, ती फक्त वरून आलेला आधार खाली पोचवते. काठीचं तेच, काठी हाताची हालचाल दगडापर्यंत नेते, स्वतः काही सुरू करत नाही. स्कॉटलंडच्या डन्स स्कोटसने, तो 1308 मध्ये वारला, हा फरक आणखी काटेकोर करून ठेवला: एका साखळीत पुढचा आपल्या असण्यासाठी मागच्यावर अवलंबून असतो पण काम करण्यासाठी नाही, दुसरीत काम करण्यासाठीच अवलंबून असतो.

तर अक्वायनसचा दावा फक्त दुसऱ्या साखळीबद्दल आहे. तो काळात मागे जात नाहीये, तो आत्ताच्या क्षणात "वर" जातोय. देवाने फार पूर्वी एकदा जगाला धक्का दिला आणि मग जग चालत राहिलं, असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका, त्याचं म्हणणं आहे की आत्ता पान हलतंय तर आत्ताच त्याला आधार हवा.

इथपर्यंत आलं की बरेच लेख थांबतात आणि म्हणतात की बघा, आक्षेप घेणाऱ्याला युक्तिवादच कळला नव्हता. मला हे पटत नाही. कारण समजूतदार आक्षेप घेणारा म्हणेल, ठीक, दुसऱ्याच प्रकारची साखळी घेऊ, आत्ताच्या क्षणातली. तीसुद्धा अनंत का असू नये? अक्वायनस म्हणतो "पहिला नसेल तर मधलेही हलवणार नाहीत". पण हे कधी खरं? साखळीला पहिला असेल आणि तुम्ही तो काढून घेतलात, तर. आकडा तुळईतून उपसला तर झोपाळा खाली येणारच. पण ज्या साखळीला मुळात पहिला नव्हताच, तिच्यातून तुम्ही काहीच काढून घेतलेलं नाही. तिथल्या कुठल्याही कडीवर बोट ठेवा, तिच्या वर एक कडी आहेच जी तिला धरून आहे. एकही कडी अनाथ नाही. पॉल एडवर्ड्स या तत्त्वज्ञाने 1959 मध्ये नेमकं हेच म्हटलं, की अनंत साखळी मानणारा माणूस कुठलंही कारण "काढून घेत" नाही, तो फक्त कुठल्याही कारणाला "याच्यामागे काही नाही" हा मान देत नाही.

हा आक्षेप दमदार आहे आणि तो किती दमदार आहे ते झोपाळ्यावरच तपासून बघता येतं, म्हणून जरा सावकाश बघू. झोपाळा आणि त्यावर बसलेला माणूस मिळून 80 किलो धरू. कड्यांचं स्वतःचं वजन शून्य धरू आणि कितीही वर गेलं तरी गुरुत्वाकर्षण सारखंच आहे असं मानू, म्हणजे हिशोब सोपा राहील. सर्वात खालच्या कडीला खालून 80 किलोची ओढ आहे, वरची कडी तिला तेवढ्याच जोराने वर ओढतेय, दोन्ही सारखं, म्हणून ती स्थिर. तिच्या वरच्या कडीचंही तेच, खाली 80, वर 80. शंभराव्या कडीचं तेच, कोटीव्या कडीचं तेच. साखळी अनंत आहे, आकडा कुठेच नाही, तरीही प्रत्येक कडीपाशी न्यूटनचा हिशोब बिनचूक जुळतो! एकही कडी अशी सापडणार नाही जिथे नियम मोडलाय. म्हणजे "आकड्याशिवाय हे अशक्य आहे" असं म्हणणाऱ्याला विसंगती दाखवता येत नाही. माझ्या मते पहिला मार्ग जसा लिहिलाय तसा घेतला तर या ठिकाणी त्याची बाजू लंगडी पडते, त्या एका वाक्याने अनंताचा रस्ता बंद होत नाही.

पण आता तीच साखळी पुन्हा घ्या आणि दुसरी एक परिस्थिती कल्पना करा. सगळी साखळी, झोपाळा, माणूस, सगळं एकत्र खाली पडतंय. कुठलीच कडी कुणाला ओढत नाहीये, सगळ्या एकाच वेगाने खाली येतायत, कड्यांमधली ओढ सगळीकडे शून्य. प्रत्येक कडीपाशी जाऊन हिशोब करा. ही का पडतेय? कारण वरची तिला धरत नाहीये, वरचीसुद्धा पडतेय. ती का पडतेय? तिच्या वरची पडतेय म्हणून. पुन्हा प्रत्येक कडीपाशी न्यूटनचा हिशोब बिनचूक!

म्हणजे तीच साखळी, तेच नियम, आणि दोन पूर्ण वेगळ्या अवस्था, एकीत माणूस आरामात झोके घेतोय आणि दुसरीत कोसळतोय, आणि दोन्हींमध्ये प्रत्येक कडीची कहाणी पूर्ण आहे. मग माणूस झोके घेतोय आणि कोसळत नाहीये, हे कशाने ठरलं? ते कुठल्याच कडीच्या कहाणीत नाही. कडीची कहाणी एवढंच सांगते की वरची धरत असेल तर मी धरेन, वरची पडत असेल तर मी पडेन. असले सगळे "तर" एकापुढे एक कितीही लावले, अनंत लावले, तरी त्यातून "आहे" निघत नाही. आकडा असला की मात्र हा प्रश्न सुटतो, कारण आकडा म्हणजे आणखी एक कडी नाही, तो लटकलेला नाही, त्याच्यापाशी "तर" संपतो. मामाच्या "टांगणार कशाला" या प्रश्नाचा अर्थ मला इतक्या वर्षांनी असा लागला.

आणि हाच विचार, झोपाळ्याशिवाय, अक्वायनसच्या दोनशे वर्षं आधी एका माणसाने करून ठेवला होता. इब्न सिना, जन्म 980, बुखाराजवळचा, वैद्यकीतही मोठं नाव, 1037 मध्ये हमदानला वारला. त्याचा युक्तिवाद गतीचा नाही, असण्याचा आहे. तो म्हणतो, जे काही आहे ते दोनपैकी एका प्रकारचं असणार. एक, असलं तरी चालतं नसलं तरी चालतं, म्हणजे त्याच्या स्वभावात असणंही सक्तीचं नाही आणि नसणंही नाही, हा कप, तुम्ही, मी, सूर्य. दुसरं, ज्याचं नसणंच शक्य नाही. पहिल्या प्रकाराला 'शक्य' म्हणू, दुसऱ्याला 'अनिवार्य'. शक्य गोष्ट जर आहे, तर तराजू "आहे" कडे झुकवणारं बाहेरचं काहीतरी लागतं.

आता पुढची पायरी बघा, तो अनंताशी भांडतच नाही. तो म्हणतो, जगातल्या सगळ्या शक्य गोष्टी एकत्र घ्या, त्या दहा असोत की अनंत, मला फरक पडत नाही. हा सगळा गठ्ठा स्वतः शक्य की अनिवार्य? अनिवार्य असू शकत नाही, कारण तो उभा आहे आपल्या भागांच्या जोरावर आणि भाग तर सगळे शक्य. म्हणजे गठ्ठाही शक्य. मग त्यालाही कारण हवं. ते कारण गठ्ठ्याच्या आत असेल का? आतलं काहीतरी जर सबंध गठ्ठ्याचं कारण असेल तर ते स्वतःचंही कारण झालं, आणि जे स्वतःच्याच जोरावर आहे त्याला शक्य म्हणता येत नाही. म्हणून कारण बाहेर. आणि सगळ्या शक्य गोष्टी तर आपण गठ्ठ्यात भरूनच टाकल्यात, बाहेर उरलं ते अनिवार्यच असणार. "देवाला कुणी बनवलं" याचं उत्तरही इथेच येऊन जातं, तो आकडा आहे, कडी नाही. अर्थात आकडा आहे एवढंच यातून निघतं, तो प्रार्थना ऐकतो की नाही हे निघत नाही. अक्वायनसलाही हे ठाऊक होतं, तो एकच आहे, त्याला भाग नाहीत वगैरे दाखवायला त्याने पुढे वेगळे प्रश्न घेतलेत.

अक्वायनसचा तिसरा मार्गही याच जातीचा आहे पण मला तो इब्न सिनापेक्षा कच्चा वाटतो. त्यात तो म्हणतो की जे नसू शकतं ते कधीतरी नसतंच, म्हणून सगळंच नसू शकणारं असेल तर एकेकाळी काहीच नसणार. बाजारपेठेतलं प्रत्येक दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतं, कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, म्हणून सगळा बाजार बंद असा एक दिवस असतोच असं नाही. तीच चूक.

इब्न सिनाच्या पायरीवर आक्षेप घेणारा पहिला मोठा माणूस नास्तिक नव्हता, बगदादचा गझाली होता, अत्यंत धार्मिक, आणि 1095 मध्ये त्याने 'तहाफुत अल-फलासिफा' म्हणजे तत्त्वज्ञांची विसंगती दाखवणारं पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, भाग शक्य आहेत म्हणून पूर्णही शक्य, हे कशावरून? तुम्ही तत्त्वज्ञच म्हणता ना की आकाशाच्या प्रत्येक फेरीला सुरुवात आहे पण फेऱ्यांच्या मालिकेला नाही? मग तसंच प्रत्येक गोष्टीला कारण आहे पण सगळ्या मालिकेला नाही, असं कुणी म्हटलं तर तुम्ही कुठल्या तोंडाने अडवणार? हा डाव फार पक्का आहे. अनंत भूतकाळ मान्य केला की तुमच्याच हाताने तुम्ही हे दार उघडलंत, असं त्याचं म्हणणं. गझालीचा स्वतःचा रस्ता वेगळा होता, तो भूतकाळ अनंत असूच शकत नाही म्हणायचा: तेव्हाच्या समजुतीप्रमाणे शनी 30 वर्षांत एक फेरी घेतो, सूर्य एका वर्षात, दोघांच्याही फेऱ्या अनंत तर मग सूर्याच्या 30 पट कशा? हा मुद्दा मात्र 19 व्या शतकात जॉर्ज कँटरच्या अनंताच्या गणितानंतर टिकत नाही. आजपासून मागे मोजत सूर्याची पहिली फेरी शनीच्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी अशा जोड्या लावत गेलं तर कुणीच उरत नाही, दोन अनंत सारखेच निघतात, विचित्र वाटतं पण त्यात विसंगती नाही.

गझालीचा पहिला डाव मात्र जिवंत राहिला. 1779 मध्ये, स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम वारल्यानंतर छापल्या गेलेल्या त्याच्या संवादात हेच येतं: 20 कण आहेत, प्रत्येकाचं कारण मी तुम्हाला वेगवेगळं सांगितलं, आता सगळ्या वीसचं मिळून कारण काय असं विचारलंत तर ते काही बरोबर नाही, ते सांगून झालंय. आणि 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर फादर कोपलस्टन आणि देव न मानणारा तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा वाद झाला त्यात रसेल म्हणाला की प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते का?

रसेलचं वाक्य ऐकायला भारी आहे, पण थांबून विचार करा. भागाचा गुण पूर्णाला लागू होतोच असं नाही हे खरं, आणि होतच नाही असंही नाही. प्रत्येक फरशी हलकी म्हणून सगळी जमीन हलकी होत नाही, पण प्रत्येक फरशी लाल असेल तर जमीन लालच. म्हणजे गुण कुठला ते बघायला हवं. आई असणं हा न पोचणारा गुण आहे. "स्वतःच्या जोरावर नसणं" हा पोचणारा आहे की नाही, हा खरा प्रश्न, आणि झोपाळ्याचं उदाहरण मला इथे इब्न सिनाच्या बाजूला ओढतं. ह्यूमच्या वीस कणांचंही तेच. कोंबडी का आहे, अंड्यामुळे, अंडं का आहे, कोंबडीमुळे, अनंत मागे. प्रत्येक कोंबडीचं आणि प्रत्येक अंड्याचं उत्तर मिळालं. कोंबड्या-अंडी ही भानगडच मुळात का आहे, याचं नाही मिळालं, कारण प्रत्येक उत्तरात कोंबडी नाहीतर अंडं आधीच धरलेलं आहे.

मग रसेल हरला का? नाही. त्याने त्याच वादात खरी जागा दाखवली, तो म्हणाला, जग नुसतं आहे, बस्स. म्हणजे साखळी लटकलेली आहे, पडत नाहीये, का, तर काही कारण नाही. याला झोपाळा उत्तर देऊ शकत नाही. झोपाळा एवढंच दाखवतो की साखळी अनंत केल्याने कारण मिळत नाही, पण कारण असलंच पाहिजे हे तो सिद्ध करत नाही. म्हणून मला वाटतं की "अनंत मागे जाऊ शकतं" हा आक्षेप एकटा पुरा पडत नाही, त्याच्या जोडीला "काही गोष्टींना कारण नसतंच" हेही घ्यावं लागतं, आणि एकदा ते घेतलं की मग अनंताची गरजच नाही, तीन कड्यांची साखळीसुद्धा विनाकारण हवेत लटकू शकते.

ऑक्सफर्डचा विल्यम ऑफ ऑकम, 14 व्या शतकातला, हे अर्धंमुर्धं ओळखून होता. त्याने कबूल केलं की एकाने दुसऱ्याला निर्माण केलं अशा साखळीत पहिला असलाच पाहिजे हे सिद्ध करता येत नाही, कारण निर्माण करणारा नंतर नाहीसा झाला तरी चालतं. जी गोष्ट टिकून आहे तिला आत्ता टिकवून धरणारं काय, तिथूनच सुरुवात करावी, कारण टिकवणारे सगळे एकाच वेळी हजर लागतात, आणि एकाच वेळी अनंत गोष्टी हजर असणं त्याला अशक्य वाटायचं. सुरुवात अचूक निवडली, कारण दिलं ते कँटरनंतर डळमळतं.

इब्न सिनाच्या बाजूलाही एक मोठा खर्च आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. "प्रत्येक शक्य गोष्टीला तराजू झुकवणारं कारण हवं" हे जर अपवादाशिवाय खरं असेल, आणि सगळ्याचं मूळ कारण अनिवार्य असेल, तर त्या कारणातून जग निघणंही अनिवार्यच होणार. नाहीतर पुन्हा प्रश्न येतो की अनिवार्य कारणाने हेच जग का केलं, दुसरं का नाही, त्याला झुकवलं कशाने? इब्न सिनाने हे मान्य करूनच टाकलं, त्याच्याकडे जग देवापासून सक्तीने निघतं, काळाची सुरुवात नसलेलं. गझाली चिडला तो यावर. त्याचं म्हणणं, सूर्यातून जसा उजेड आपोआप पडतो तसं जर जग पडत असेल तर देवाने काही केलं असं कुठल्या अर्थाने म्हणायचं?

आणि मग गझाली खजुराचं उदाहरण देतो. एका भुकेल्या माणसासमोर दोन खजूर ठेवलेत, अगदी सारखे, रंग, आकार, अंतर, सगळं सारखं, आणि त्याला एकच घेता येणार आहे. दोन्हींत काहीही फरक नाही म्हणून तो उपाशी बसून राहील का? नाही, तो एक उचलेल, आणि हाच का उचललास याला उत्तर नसेल, कारण इच्छा म्हणजेच सारख्यांतून एक निवडण्याची ताकद. देवाने जग असं आणि याच वेळी का केलं, तर असंच. इब्न सिनाच्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल, कारण ज्या तत्त्वावर त्याचा आकडा उभा आहे, की तराजू कारणाशिवाय झुकत नाही, ते तत्त्व हा देव मानणारा माणूसच देवासाठी सोडायला तयार आहे, आणि एकदा खजुराच्या बाबतीत सोडलं की रसेलच्या जगाच्या बाबतीत का सोडू नये, हे गझालीला विचारायला रसेल त्याच्यासमोर नव्हता.